जास्वंदीचा फोटो समोर ठेवून वनस्पतिचित्र कसं काढायचं

आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या घरामागे जास्वंदीची दोन झाडं आहेत. सकाळी उमललेलं पहिलं फूल गणपतीला जातं, दुसरं माझ्या वाट्याला येतं. ते संध्याकाळी मलूल व्हायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळी होऊन गळून पडतं. नीट वनस्पतिचित्र करायला मला मात्र चार बैठका लागतात. फूल एवढा वेळ थांबत नाही, म्हणून फोटो काढायचा. पण फोटो जसाच्या तसा उतरवला की चित्र सुबक दिसतं आणि बऱ्याचदा चुकीचं असतं. त्यामुळे फोटोतलं काय घ्यायचं आणि काय फुलावरून पडताळायचं, याभोवतीच हा लेख लिहिते आहे.

सुरुवातीला लाल, एकेरी, पाच पाकळ्यांचीच जास्वंद घ्या. आमच्या शेजारणी तिला जासूद म्हणतात. तिचे सगळे भाग मोठे असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसतात. शाळेच्या पुस्तकातही फुलाचे भाग बहुतेक हिच्यावरच शिकवलेले असतात, त्यामुळे निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग हे शब्द कानावरून गेलेले असतात. डबल जास्वंद कितीही देखणी दिसली तरी आत्ता नको. तिच्यात पुंकेसरांच्या जागी पाकळ्यांसारखे तुकडे झालेले असतात आणि कोणत्या भागाला काय नाव द्यायचं, हेच कळेनासं होतं.

सामान थोडंच लागतं. गुळगुळीत पृष्ठाचा 300 जीएसएमचा हॉट प्रेस कागद, ट्रेसिंग पेपर, 2एच आणि एचबी पेन्सिल, पाण्याने न फुटणाऱ्या शाईची 0.05, 0.1 आणि 0.2 ची पेनं, दोन आणि चार नंबरचे गोल ब्रश, नवं ब्लेड, पट्टी आणि एक भिंग. खरबरीत कागद घेऊ नका, त्यावर 0.05 चं पेन अडखळतं आणि शिरा तुटक येतात. पेन घेतलं की कोपऱ्यातल्या कागदावर चार रेघा ओढा, दहा मिनिटांनी त्यांवरून ओला ब्रश फिरवा. रेघ करडी होऊन पसरली तर ते पेन या कामाचं नाही. बऱ्याच जेल पेनांचं असं होतं.

फोटो

फूल सकाळी आठ-नऊच्या सुमारास, पूर्ण उमललेलं असताना, देठासकट आणि दोन पानांसकट तोडा आणि अरुंद तोंडाच्या बाटलीत उभं करा. बाटली खिडकीजवळ पण थेट उन्हाबाहेर ठेवा. उजेड डावीकडून येऊ द्या, कारण वनस्पतिचित्रात उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातून आलेला धरायची जुनी रीत आहे. फोटोतही तसाच असला की सावल्या उलटवत बसावं लागत नाही. मागे पांढरा कागद लावा. फ्लॅश नको.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फोन फुलाला चिकटवू नका. जास्वंदीचा मधला दांडा, म्हणजे पुंकेसरांची नळी, पाकळ्यांच्या तळापासून सात-आठ सेंटीमीटर बाहेर येतो. समोरून 25 सेंटीमीटरवरून फोटो काढला, तर पाकळ्यांचा तळ कॅमेऱ्यापासून 25 सेंटीमीटरवर असतो आणि दांड्याचं टोक जेमतेम साडेसतरावर. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे टोकाचा भाग तळाच्या मानाने सुमारे 1.4 पट मोठा येतो. फोटो बघताना हे खटकत नाही. त्यावरून चित्र काढल्यावर मात्र पाकळ्या बारक्या आणि मधे गदेसारखा दांडा, असं काहीतरी दिसतं. हाच फोटो एक मीटरवरून, फोनच्या झूमच्या लेन्सने काढला, तर हा फरक आठ टक्क्यांवर येतो. म्हणून मीटरभर मागे जायचं आणि झूम करायचं.

मुख्य चित्रासाठी फूल बाजूने घ्या, किंचित आपल्याकडे वळलेलं. दांडा फोनच्या पडद्याला जवळजवळ समांतर राहिला पाहिजे. असा घेतला की त्याची लांबी खरी दिसते, आतल्या बाजूच्या दोन-तीन पाकळ्या दिसतात, खालचे हिरवे भागही दिसतात. फुलाच्या अगदी शेजारी, तितक्याच अंतरावर, सेंटीमीटरची पट्टी उभी धरा. पट्टी फुलाच्या पुढे किंवा मागे गेली तर मोजमापच चुकेल.

लाल रंगाचा घोटाळा वेगळा आहे. कॅमेऱ्यात लाल, हिरवा आणि निळा असा उजेड वेगवेगळा मोजला जातो. जास्वंदीसारख्या गडद लालापुढे लालाचं माप आधीच कमाल मर्यादेला जाऊन अडकतं, आणि मग पाकळीची घडी, शीर, सावली सगळं मिळून लाल प्लास्टिकचा तुकडा वाटावा असं सपाट होतं. पडद्यावर फुलावर बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. फोटो आपल्याला जरा काळवंडलेला वाटेपर्यंत ओढा, शिरा तिथे दिसू लागतात. तरीही न दिसल्या तर त्याच फोटोची एक काळी-पांढरी प्रत करा आणि ॲपमध्ये हिरवा फिल्टर निवडा. अडकलेला लाल बाजूला राहतो आणि हिरव्याच्या मापात उरलेल्या शिरा वर येतात. रेषांसाठी मी हीच प्रत समोर ठेवते, रंगीत नाही.

बाजूचा फोटो झाला की समोरून एक आणि मागून एक काढा. मागचा फोटो नवीन माणूस हटकून विसरतो. जास्वंदीत निदलपुंजाच्या, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या पेल्याच्या, खाली हिरव्या अरुंद पट्ट्यांसारख्या पानांचं आणखी एक कडं असतं, त्याला एपिकॅलिक्स म्हणतात. त्यात कधी पाच, कधी सहा, कधी सात पानं असतात. बाजूच्या फोटोत त्यातली दोन-तीन देठाआड जातात. मागचा फोटो नसला की आपण अंदाजाने काढतो, आणि दुसऱ्या फुलावरून मोजावं तर त्याची संख्या वेगळी निघते. अशी मोजणी त्याच फुलावर व्हायला हवी.

फूल कापणं

फोटोत अंडाशय दिसत नाही, कुक्षीवृंतही दिसत नाही. ते बघायला ब्लेड लागतं. त्याआधी पट्टीने मापं घेऊन लिहून ठेवा. मी गेल्या महिन्यात केलेल्या फुलाची मापं अशी होती: पाकळी 7 सेंटीमीटर, दांडा 7.6, देठ 3.2.

ब्लेड देठापासून वरच्या दिशेने, मधोमध, एकाच ओढीत चालवा. मागे-पुढे करवतीसारखं केलंत तर आतले पांढरे ठिपके, म्हणजे बीजांडं, चुरडतात. जास्वंदीत चिकट द्रव पुष्कळ असतो, ब्लेड बुळबुळीत होतं. प्रत्येक कापाआधी ते ओल्या कापसाने पुसा. कापल्यावर नळीच्या आतून एक बारीक धागा तळापर्यंत गेलेला दिसेल, तो कुक्षीवृंत. तो खाली ज्या फुगीर भागात शिरतो तो अंडाशय. दुसरं फूल मिळालं तर त्याचा अंडाशय आडवा कापून भिंगाखाली बघा. पाच कप्पे आणि मधल्या खांबाला चिकटलेली बीजांडं स्पष्ट दिसतात. कापलेला भाग हवेत लवकर काळपट पडतो, म्हणून फोटो आधी, निरीक्षण नंतर.

पेन्सिलचा आराखडा

बाजूच्या फोटोची प्रिंट काढा आणि प्रिंटमधल्या पट्टीवर खरी पट्टी ठेवून बघा. माझ्या प्रिंटमध्ये फोटोतले 5 सेंटीमीटर 4.1 भरले. पाचाला 4.1 ने भागलं की 1.22 येतात, म्हणून दुसरी प्रिंट 122 टक्क्यांवर काढली आणि फूल खऱ्या आकाराचं आलं. अकरा-बारा सेंटीमीटरचं फूल ए4 कागदावर खऱ्या आकारात आरामात बसतं, शेजारी उभ्या छेदाला, म्हणजे कापलेल्या फुलाच्या चित्राला, आणि नावांना जागाही राहते.

आता प्रिंटवरची मापं वहीतल्या मापांशी ताडून बघा. माझ्या प्रिंटवर दांडा 7.3 भरला, प्रत्यक्षात होता 7.6. हे चालतं, कारण तो थोडा माझ्याकडे कललेला होता आणि कललेली वस्तू आखूड दिसते. तो 8.2 आला असता तर मात्र प्रिंट बाजूला ठेवली असती. कलल्यामुळे कुठलाही भाग खऱ्यापेक्षा लांब दिसू शकत नाही. लांब दिसला म्हणजे फोन फार जवळ होता, नाहीतर पट्टी चुकीच्या अंतरावर होती. ही एक तपासणी केली तरी निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात.

ट्रेसिंग पेपर प्रिंटवर चिकटवून बाह्यरेषा, पाकळ्यांच्या मुख्य शिरा आणि दांडा एवढंच उतरवा. मग ट्रेसिंग उलटा करून त्याच रेघांवर एचबी पेन्सिल घासा, पुन्हा सुलटा करून चित्राच्या कागदावर ठेवा आणि 2एचने हलक्या हाताने गिरवा. खिडकीच्या काचेवर धरून थेट छापायचा प्रयत्न केलात तर 300 जीएसएममधून काही दिसत नाही.

ट्रेसिंग झालं की फोटोतल्या अस्पष्ट जागा हातातल्या फुलावरून सोडवायच्या. यासाठी पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत इथवर पोचायला हवं. दोन जागा खास बघायच्या. पहिली, पाकळ्या एकमेकींवर कशा बसतात ती. जास्वंदीत प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीच्या खाली असते, पाचही जणी एकाच दिशेने वळलेल्या. नवशिके एक पाकळी सगळ्यांच्या वर आणि एक सगळ्यांच्या खाली काढतात, कारण बाजूच्या फोटोत तसं भासतं. समोरचा फोटो बघून दिशा पक्की करा. सेल्फीच्या कॅमेऱ्याने फोटो काढू नका, काही फोन तो आरशासारखा उलटा साठवतात आणि पाकळ्यांचा पीळ बदलतो.

दुसरी जागा दांड्याची. त्याचा खालचा भाग जवळजवळ मोकळा असतो, पुंकेसर वरच्या भागातून चहूबाजूंनी फुटतात. प्रत्येकाच्या टोकाला मूत्रपिंडाच्या आकाराचा परागकोष असतो, गोल मणी नव्हे. फोटोत हा सगळा पिवळा गोंधळ दिसतो. तो सोडवायला आधी समोरचे सात-आठ परागकोष पूर्ण काढा, मग त्यांचे तंतू नळीपर्यंत न्या, आणि शेवटी मागच्यांचा जेवढा भाग डोकावतो तेवढाच काढा. नळीच्या टोकातून पाच आखूड फांद्या बाहेर येतात आणि प्रत्येकीच्या टोकाला मखमली लाल बटणासारखी कुक्षी असते. घाईत पाचांची एकच गाठ होते, म्हणून इथे भिंग घ्या.

शाईच्या रेघा

सरसकट एकाच जाडीची बाह्यरेषा ओढली की चित्र रंगवायच्या पुस्तकातलं वाटतं. उजेडाकडची, डावी-वरची कड 0.05 ने काढा आणि जिथे पाकळी उन्हात विरघळल्यासारखी दिसते तिथे रेघ तुटू द्या. सावलीची कड आणि एका पाकळीखाली दुसरी जाते ती जागा 0.1 ने. 0.2 चं पेन फक्त देठाची सावलीची बाजू आणि निदलपुंजाच्या खाचा यांसाठी ठेवा.

शिरा पाकळीच्या अरुंद तळापासून कडेकडे पंख्यासारख्या पसरतात आणि वाटेत फुटत जातात. रेघ तळाशी सुरू करा, कडेकडे जाताना हात हळूहळू उचला, म्हणजे शेवट आपोआप निमुळता होतो. कडेला टेकण्याआधीच तिला संपू द्या. शिरा पाकळीच्या वळणाबरोबर वाकल्या पाहिजेत. पाकळी मागे दुमडली आहे तिथे शीर सरळ गेली, तर ती पाकळी कागदाच्या चपट्या तुकड्यासारखी दिसेल. एका पाकळीवर दहा-बारा मुख्य शिरा आणि मधल्या जागेत थोड्या बारक्या, एवढं पुरे. सावली ठिपक्यांनी द्यायची तर तळाशी दाट आणि वर विरळ ठेवा, पण जलरंग चढवणार असाल तर ठिपके कमीच बरे, लाल रंगाखाली ते मळासारखे वाटतात.

शाई झाल्यावर किमान तासभर थांबा आणि मगच पेन्सिल खोडा. पावसाळ्यात मी ते दुसऱ्या दिवसावर टाकते. जुलैतल्या दमट हवेत शाई वरून वाळलेली दिसते आणि रबर फिरवलं की पसरते.

शांत रंग

फोनच्या पडद्यावरून रंग जुळवू नका. ताज्या फुलाची कापलेली एक पाकळी कागदाच्या कडेला ठेवा आणि शेजारी रंगाचे नमुने करा, दिवसाच्या उजेडात. हे सकाळीच उरका. जास्वंदीचा लाल अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो, पाकळी चुरगळली किंवा सुकत गेली की तो जांभळट-निळसर होतो. दुपारी जुळवलेला रंग म्हणून हमखास जांभळा निघतो.

ट्यूबमधला लाल थेट लावला तर भडक होतो. मी क्रिमसन लेकमध्ये थोडा बर्न्ट सिएना मिसळते आणि मग ब्रशच्या टोकावर येईल एवढाच सॅप ग्रीन. हिरवा लालाच्या समोरचा रंग असल्याने तो लालाची धार मोडतो पण लालपणा मारत नाही. हिरवा जास्त झाला की मिश्रण विटकरी, मातकट होतं. तसं झालं तर त्यात पुन्हा लाल घालत बसण्यापेक्षा नवं मिश्रण करा. काळा रंग मुळीच घेऊ नका. फुलाच्या गळ्याचा गडद भाग क्रिमसनमध्ये किंचित अल्ट्रामरीन घालून मिळतो. पानांना सॅप ग्रीनमध्ये बर्न्ट सिएना, परागकोषांना यलो ऑकर.

एका वेळी एकच पाकळी घ्या. आधी नुसत्या पाण्याने ती ओली करा, मग गळ्याशी रंग सोडा आणि कडेकडे स्वतःहून पसरू द्या. चमकणारी जागा कोरी ठेवा. पहिला थर इतका फिका असावा की हा पुरेल का, अशी शंका यावी. असे तीन ते चार थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर. शेजारच्या दोन पाकळ्या एकापाठोपाठ रंगवल्या तर रंग एकीतून दुसरीत शिरतो, म्हणून एक सोडून एक घ्या. वडोदऱ्याच्या मे महिन्यात पंख्याखाली थर अर्ध्यातच वाळतो आणि मधोमध कडक कड उमटते. अशा दिवसांत पंखा बंद करून सकाळी लवकर बसा. कड उमटलीच तर ती ओल्या स्वच्छ ब्रशने लगेच मऊ करा, वाळल्यावर घासू नका, कागदाचे तंतू उठतात.

उभ्या छेदाचं चित्र मी रंगवत नाही. ते रेघांतच ठेवलं की आतली रचना जास्त स्वच्छ वाचता येते.

नावं देणं

नावं थेट चित्रावर लिहू नका. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून आधी त्यावर मांडणी करून बघा. दर्शक रेषा 0.1 च्या पेनने, पट्टीने, बाणाशिवाय ओढा. रेषेचं टोक त्या भागाच्या आत टेकलं पाहिजे, जवळपास थांबलं तर वाचणारा शेजारचा भाग समजतो. रेषा एकमेकींना छेदू देऊ नका. सगळी नावं उजवीकडे एका उभ्या ओळीत, आडव्या अक्षरांत ठेवली की छेदायची वेळ सहसा येत नाही. अक्षरं तीन मिलिमीटर उंच असू द्या, आणि शिरोरेषेसाठी पेन्सिलची फिकट रेघ आधी मारून घ्या.

बाहेरच्या चित्रावर पाकळी, पुंकेसर नळी, परागकोष, कुक्षी, निदलपुंज, एपिकॅलिक्स आणि देठ एवढीच नावं येतात. कुक्षीवृंत आणि अंडाशय यांच्या रेषा फक्त उभ्या छेदाकडे जातात. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. पाठ असलेल्या यादीतली सगळी नावं एकाच चित्रावर द्यायची म्हणून अंडाशयाची रेषा निदलपुंजाच्या पोटात खुपसलेली असते. जो भाग त्या चित्रात दिसत नाही त्याचं नाव तिथे द्यायचं नाही. पुंकेसर आणि कुक्षीवृंत शेजारी शेजारी सुटे काढणं हीदेखील तशीच चूक. पुस्तकातल्या नमुना फुलात ते तसे असतात, जास्वंदीत एक दुसऱ्याच्या आतून जातो.

खाली दोन सेंटीमीटरची प्रमाणरेषा काढा. नुसतं 'खरा आकार' लिहिलंत आणि उद्या कुणी स्कॅन करून लहान छापलं, तर ते खोटं ठरेल. रेषा मात्र चित्राबरोबर लहान होते आणि खरीच राहते. छेद दुप्पट आकाराचा असेल तर त्याच्याखाली त्याची वेगळी रेषा हवी. मग हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस हे शास्त्रीय नाव, तारीख आणि फूल कुठून घेतलं ते लिहा. माझ्या वहीत 'दांडिया बाजार, मागचं अंगण, विहिरीकडचं झाड' असं लिहिलेलं असतं, कारण दोन झाडांच्या लालात फरक आहे.

क्रिमसन लेकसारखे लाल उजेडात विटतात. चित्र पूर्ण झाल्या आठवड्यातच स्कॅन करून घ्या आणि मूळ कागद फाइलमध्ये ठेवा. भिंतीवर लावायचं असेल तर त्या स्कॅनची प्रत लावा.